टक्के नकोत, आकृतीनिहाय हिशोब द्या

प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणाआधी एक पान असते. वर शोधनिबंधाचे शीर्षक, जर्नलचे नाव आणि वर्ष, खाली सहलेखकांची यादी आणि त्याखाली एकच ओळ : ‘या शोधनिबंधातील माझे योगदान ७० टक्के आहे.’ मार्गदर्शकांची सही असते. पान उलटले की छापून आलेला शोधनिबंध जसाच्या तसा सुरू होतो. परीक्षक म्हणून असे पान समोर आले की मी अडतो. हे ७० टक्के नेमके कशाचे? प्रयोगांना लागलेल्या तासांचे, लिहिलेल्या शब्दांचे, की मूळ कल्पनेचे? आणि बाकीच्या ३० टक्क्यांत काय आहे? त्या तीसमध्येच सगळ्यात अवघड काम दडलेले असेल तर?

आधी माझी बाजू सांगून टाकतो. सहलेखकांसोबत प्रसिद्ध झालेले शोधनिबंध प्रबंधात घ्यावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. जे काम समीक्षकांच्या हाताखालून गेले आणि छापून आले, ते पुन्हा वेगळ्या शब्दांत दोनशे पाने लिहायला लावणे म्हणजे माणसाचे वर्ष वाया घालवणे. पण छापून आलेला निबंध आणि प्रबंध यांना लावायच्या कसोट्या वेगळ्या आहेत, हे विसरून चालत नाही. जर्नलचा समीक्षक पाहतो तो निष्कर्ष पटण्याजोगा आहे की नाही. काम पाच जणांनी मिळून केले की एकाने, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. प्रबंधाचा परीक्षक मात्र एका माणसाला पदवी द्यायची की नाही, हे ठरवत असतो. ‘निबंध चांगल्या जर्नलमध्ये आला आहे’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, दुसऱ्याचे नव्हे. दुसऱ्याचे उत्तर फक्त योगदानाचे निवेदन देऊ शकते, आणि नेमके तेच आपण एका ओळीत उरकतो.

माझी तक्रार अशी की विद्यापीठांचे लक्ष भलतीकडेच असते. परवानगीचे कागद आणि मजकुराच्या साम्याचा अहवाल यांच्यामागे कार्यालये हात धुऊन लागतात. या दोन्ही गोष्टी तुलनेने सोप्या आहेत, म्हणून आधी त्या संपवू.

परवानगीच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की कॉपीराइट कोणाकडे आहे. निबंध CC BY या परवान्याखाली मुक्तपणे प्रसिद्ध झाला असेल तर कोणाची परवानगी मागायची गरज नाही. मूळ निबंधाचा संदर्भ, परवान्याचे नाव व दुवा आणि तुम्ही काही बदल केले असतील तर त्यांचा उल्लेख, एवढे पुरते. कॉपीराइट प्रकाशकाकडे गेला असेल तरी बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला स्वतःच्या प्रबंधात निबंध वापरू देतात, फक्त प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. एल्सेव्हिअरच्या लेखकाला आपला निबंध प्रबंधात पूर्ण किंवा अंशतः घेण्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही, मात्र प्रबंध व्यावसायिकरीत्या प्रकाशित होत नसावा आणि मूळ जर्नलचा उल्लेख हवा. प्रबंध लिहिणाऱ्या लेखकाकडे आयईईई औपचारिक परवान्याचा आग्रह धरत नाही, पण पूर्ण निबंध ऑनलाइन जाणार असेल तर त्यांना जर्नलने मांडणी करून छापलेली प्रत चालत नाही. समीक्षेनंतर स्वीकारलेले हस्तलिखितच चालते. इथे बरेच जण फसतात. छापील प्रबंधात छान दिसते म्हणून जर्नलची देखणी पीडीएफ चिकटवतात आणि तीच फाइल रिपॉझिटरीत चढवतात. त्यामुळे कोणती आवृत्ती आणि कुठे दिसणार, हे दोन प्रश्न प्रत्येक निबंधाबाबत वेगवेगळे विचारावे लागतात. उत्तर देणारे पान छापून परिशिष्टात ठेवावे, कारण प्रकाशकांची धोरणे बदलतात आणि तुम्ही ज्या दिवशी पाहिले त्या दिवशी काय लिहिले होते, हे नंतर सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त निसटते ती गोष्ट म्हणजे निबंधाच्या आत असलेली दुसऱ्याची आकृती. निबंध लिहिताना दुसऱ्या जर्नलमधला एखादा आराखडा परवानगी काढून घेतलेला असतो. ती परवानगी सहसा त्या एका निबंधापुरती असते. प्रबंध हा वेगळा वापर झाला, म्हणून ती नव्याने काढावी लागते. तुमच्या प्रकाशकाने ‘आमचा निबंध खुशाल घ्या’ म्हटले तरी त्या आकृतीबद्दल बोलायचा त्याला अधिकार नाही. परवानगी मिळाली नाही तर तेवढी आकृती काढून तिथे संदर्भ द्यायचा. एवढ्यासाठी प्रबंध अडून राहत नाही.

साम्याच्या अहवालाचे म्हणाल तर तिथे गंमतच असते. स्वतःचाच निबंध प्रकरण म्हणून घेतला की ते प्रकरण त्या निबंधाशी जवळजवळ शब्दशः जुळणार, हे सांगायला सॉफ्टवेअर लागत नाही. तरीही आकडा मोठा दिसला म्हणून विद्यार्थ्याला ‘भाषा बदला’ असे सांगितले जाते. हा सल्ला सरळसरळ घातक आहे. निबंधाचा एखादा विभाग सहलेखकाने लिहिलेला असतो. विद्यार्थी त्याची वाक्ये फिरवून लिहितो, तेव्हा दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या शब्दांच्या आड लपते. आधी ते उघडपणे सहलेखकाचे होते, आता ते विद्यार्थ्याचे भासते. आकडा खाली आला, आणि प्रामाणिकपणाही. योग्य मार्ग एवढाच की प्रकरणाच्या पहिल्या पानावर ‘हे प्रकरण अमुक निबंधावरून जसेच्या तसे घेतले आहे’ असे स्पष्ट लिहावे आणि साम्य मोजताना तो निबंध वगळावा. मागाहून एखादी चूक सापडली असेल तर मजकूर गुपचूप दुरुस्त करू नये. छापलेला मजकूर तसाच ठेवून प्रकरणाच्या शेवटी दुरुस्तीची टीप द्यावी, म्हणजे जर्नलमधला निबंध आणि प्रबंधातले प्रकरण यांत फरक का आहे, हे वाचणाऱ्याला कळते.

आता मूळ मुद्दा. टक्क्यांऐवजी काय लिहायचे, हे एका उदाहरणावरूनच दाखवता येईल. उदाहरण मी रचलेले आहे, पण ज्यांनी रसायनशास्त्राचे प्रबंध तपासले आहेत त्यांना ते ओळखीचे वाटेल.

निबंधाचा विषय असा : टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये थोडा नायट्रोजन मिसळला तर ते दृश्य प्रकाशातही पाण्यातले सेंद्रिय प्रदूषक मोडू शकते का. लेखक पाच. पहिली विद्यार्थिनी, जिचा हा प्रबंध आहे. मग एक पोस्टडॉक, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवणारा तज्ज्ञ, दुसऱ्या गटातला गणनाकार आणि शेवटी मार्गदर्शक. आकृत्या चार. पहिलीत नमुने आणि त्यांचे क्ष-किरण विवर्तन, दुसरीत कणांच्या प्रतिमा, तिसरीत मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचे विघटन काळानुसार किती झाले त्याचा आलेख, चौथीत इलेक्ट्रॉनी रचनेची संगणकीय गणना.

या निबंधाच्या समीक्षकाने एक आक्षेप घेतला, आणि तो या क्षेत्रात नेहमी घेतला जातो. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषते. त्यामुळे रंग उडाला तो उत्प्रेरकाने प्रकाश शोषला म्हणून, की रंगद्रव्याने शोषला आणि आपला इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला दिला म्हणून, हे त्या आलेखावरून ठरत नाही. त्यावर उपाय म्हणजे दृश्य प्रकाश न शोषणारा, रंगहीन पदार्थ घेऊन तोच प्रयोग करणे. फिनॉल त्यासाठी नेहमी वापरतात. फिनॉलचा प्रयोग झाला, फिनॉलही मोडले पण बरेच हळू, आणि निबंधाचा दावा त्या प्रमाणात सौम्य करावा लागला. मग निबंध स्वीकारला गेला.

या निबंधात विद्यार्थिनीचे योगदान ‘७० टक्के’ म्हटले तर परीक्षकाला काय कळले? काहीच नाही. उलट पुढचे निवेदन वाचा :

‘आकृती १ मधील सर्व नमुने मी तयार केले. तयार करण्याची मूळ पद्धत पोस्टडॉक सहलेखकाने आधी बसवली होती. तापवण्याचे तापमान आणि नायट्रोजनचे प्रमाण यांची मालिका मी आखली. विवर्तनाची मोजमापे मी घेतली. आकृती २ मधील प्रतिमा तिसऱ्या लेखकाने घेतल्या. कोणते कण मोजायचे याचा निकष मी ठरवला आणि आकारमानाची मोजणी मी केली. आकृती ३ मधील मिथिलीन ब्लूचे प्रयोग मी व पोस्टडॉक यांनी मिळून केले. समीक्षकाच्या आक्षेपानंतर फिनॉलचा प्रयोग मी आखला आणि एकटीने केला. आकृती ४ मधील गणना संपूर्णपणे चौथ्या लेखकाची आहे. मी फक्त प्रायोगिक मोजमापे पुरवली. प्रस्तावना आणि निष्कर्षांची चर्चा यांचा पहिला मसुदा माझा, गणनेचा विभाग चौथ्या लेखकाचा. चर्चेचा शेवटचा परिच्छेद मार्गदर्शकांनी नव्याने लिहिला.’

साधारण शंभर शब्द, आणि चित्र स्वच्छ झाले. परीक्षकाला आता कळते की फिनॉलबद्दल खोलात विचारायचे. किती तीव्रतेचे द्रावण घेतले, अंधारात किती वेळ ठेवून आधी शोषण स्थिर होऊ दिले, उत्प्रेरकाशिवाय फक्त प्रकाशात काय झाले, विघटन हळू झाले त्याचा अर्थ काय लावला. ही उत्तरे तिची असली पाहिजेत, आणि तिचे खरे कर्तृत्व तिथेच दिसते. आक्षेप समजून घेऊन त्यावर योग्य प्रयोग आखणे, हे संशोधक असण्याचे लक्षण आहे. टक्क्यांच्या आकड्यात ते गडप झाले असते. गणनेबद्दलही विचारावेच, पण वेगळ्या अपेक्षेने. तिने ती गणना पुन्हा करून दाखवावी, असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्या गणनेत नायट्रोजनचा अणू कुठे बसवला होता, त्या पद्धतीत इलेक्ट्रॉनी पट्ट्यांमधले ऊर्जा-अंतर खऱ्यापेक्षा कमी का येऊ शकते आणि प्रयोगाच्या आकड्याशी ते किती जुळले, एवढे तिला सांगता आले पाहिजे. कारण त्या गणनेवर विसंबून निबंधाने जे म्हटले आहे, त्याखाली तिचेही नाव आहे.

या निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, जी विद्यार्थी लिहायला घाबरतात : आपण काय केले नाही. ‘पद्धत पोस्टडॉकने बसवली होती’, ‘गणना संपूर्ण चौथ्या लेखकाची’ ही वाक्ये त्यांना कबुलीजबाबासारखी वाटतात. परीक्षकाच्या बाजूने बघितले तर उलटे आहे. जो विद्यार्थी दुसऱ्याचे काम दुसऱ्याच्या नावावर टाकतो, त्याच्या ‘मी एकटीने केला’ या शब्दांवर विश्वास बसतो. सगळ्यातच आपला हात आहे असे लिहिणाऱ्याचे एकही वाक्य धड धरता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, यासाठी भूमिकांची ठरावीक यादी आहेच की. CRediT नावाच्या या पद्धतीत १४ भूमिका आहेत. संकल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, प्रयोग, विश्लेषण, मूळ मसुदा, पुनर्लेखन, देखरेख, निधी वगैरे. अनेक जर्नले ती मागतात आणि २०२२ साली तिला अमेरिकी मानकाचा दर्जाही मिळाला. निबंधासाठी ती चांगली आहे, टक्क्यांपेक्षा तर कितीतरी चांगली. पण प्रबंधासाठी अपुरी. आपल्या उदाहरणात ‘प्रयोग’ या भूमिकेपुढे विद्यार्थिनी, पोस्टडॉक आणि सूक्ष्मदर्शकवाला अशी तीन नावे येतील. कोणता प्रयोग कोणाचा, हे त्यातून कळत नाही. शिवाय ‘संकल्पना’ या भूमिकेपुढे प्रत्येकालाच आपले नाव हवे असते! यादी निवेदनाच्या वर एका ओळीत जरूर द्यावी, पण ती निवेदनाची जागा घेऊ शकत नाही.

नावांच्या क्रमाचा आधारही तितकाच कच्चा. प्रयोगशाळेतल्या विज्ञानात पहिले नाव म्हणजे मुख्य काम करणारा, असा रिवाज आहे. गणितात आणि अर्थशास्त्राच्या बऱ्याच भागात नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने येतात, तिथे पहिल्या नावाला काहीच अर्थ नसतो. कणभौतिकीत तर हद्द होते. २०१५ साली अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन गटांनी मिळून हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचे मोजमाप प्रसिद्ध केले, त्यावर ५,१५४ लेखक होते. अशा निबंधात ‘प्रथम लेखक असावा’ ही प्रबंधासाठीची अट निव्वळ हास्यास्पद ठरते. म्हणून अट नावाच्या जागेवर घालू नये, निवेदनाच्या दर्जावर घालावी.

हे निवेदन लिहायचे कधी, हा प्रश्न मला मजकुराइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रबंध बांधायला जाताना ते लिहायला बसलात तर उशीर झालेला असतो. तोपर्यंत पोस्टडॉक दुसऱ्या देशात नोकरीला लागलेला असतो, त्याचा जुना ईमेल बंद पडलेला असतो, आणि कोणता आलेख कोणी काढला यावर दोन जणांच्या दोन प्रामाणिक आठवणी तयार झालेल्या असतात. निबंध जर्नलकडे पाठवला त्याच आठवड्यात निवेदन लिहावे, सगळ्या सहलेखकांना पाठवावे आणि त्यांच्या होकाराचे ईमेल जपून ठेवावेत. दुरुस्तीच्या फेरीत नवे काम झाले की त्यात भर घालावी. फिनॉलसारखा प्रयोग नेमका याच फेरीत होतो आणि नेमका तोच विसरला जातो. वाद झालाच तर प्रयोगवहीतल्या तारखा, यंत्राच्या आरक्षणाच्या नोंदी आणि कोडच्या बदलांचा इतिहास उपयोगी पडतो. माणसांच्या आठवणी नव्हे.

‘इतके बारीक लिहिले तर भांडणे होतील’ असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. होतील, खरे आहे. पण ती भांडणे निवेदनामुळे होत नाहीत. ती आधीच असतात आणि टक्क्यांच्या ओळीने झाकलेली असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळे सहलेखक सारख्या ताकदीचे नसतात. मार्गदर्शकाच्या सहीवर विद्यार्थ्याची पदवी अवलंबून असते, तेव्हा ‘चर्चेचा शेवटचा परिच्छेद मार्गदर्शकांनी लिहिला’ हे लिहिणे एक वेळ सोपे, पण ‘मूळ कल्पना माझी होती’ हे लिहिणे अवघड. उलटही घडते. विद्यार्थ्याचे गाडे पुढे जावे म्हणून मार्गदर्शक पोस्टडॉकचे काम हळूच विद्यार्थ्याच्या खात्यावर टाकतात. पोस्टडॉकला विचारतो कोण! यावर माझे उत्तर असे की सही फक्त मार्गदर्शकाची नको, हयात आणि संपर्कात असलेल्या प्रत्येक सहलेखकाची हवी, आणि ती अख्ख्या निवेदनाखाली हवी, केवळ ‘माझी हरकत नाही’ अशा कोऱ्या पत्रावर नको. कोऱ्या पत्रावर सही करणाऱ्याने निवेदन वाचलेच नसते. एखादा सहलेखक उत्तर देत नसेल तर दोन-तीनदा पाठवलेल्या ईमेलची नोंद जोडून पुढे जाऊ द्यावे. एखाद्याच्या मौनामुळे पदवी अडवणे अन्यायाचे. मात्र कोणी लेखी हरकत घेतली तर ती सोडवल्याशिवाय प्रबंध परीक्षकांकडे जाऊ नये. ते काम विभागाने नेमलेल्या, त्या निबंधाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने करावे.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. गणिताच्या निबंधात दोघे जण वर्षभर फळ्यासमोर उभे राहून एक सिद्धता रचतात. तिथे ‘हे प्रमेय माझे, हे तुझे’ असे वेगळे काढणे खोटेपणाचे ठरेल. अशा वेळी निवेदनात तसेच लिहावे : ‘मुख्य प्रमेयाची सिद्धता संयुक्त आहे, ती विभागता येत नाही. शेवटच्या भागातले प्रतिउदाहरण मी शोधले.’ मग परीक्षक त्या सिद्धतेची प्रत्येक पायरी मौखिक परीक्षेत विचारील, आणि त्यात गैर काहीच नाही. जे अविभाज्य आहे ते सगळेच्या सगळे यायला हवे.

राहिला प्रश्न एकच निबंध दोन प्रबंधांत घेण्याचा. दोन विद्यार्थ्यांनी बरोबरीने काम केले आणि दोघांनाही तो हवा असेल तर काही ठिकाणी ‘पहिला येईल त्याला’ असा व्यवहार चालतो. ज्याचा प्रबंध आधी तयार होतो तो निबंध घेतो, आणि दुसरा तेच काम वेगळ्या शब्दांत लपवत बसतो. दोघांनाही तो घेऊ द्यावा, पण एका अटीवर. योगदानाचे निवेदन एकच असावे, शब्दशः तेच, दोन्ही प्रबंधांत छापलेले आणि दोघांच्याही सहीचे. कोणाच्या प्रबंधात कोणत्या आकृत्या त्याचे काम म्हणून मोजायच्या, हे त्यात लिहिलेले असेल. दुसऱ्या प्रबंधाच्या परीक्षकाला पहिल्या प्रबंधाची माहिती आधीच कळवावी, म्हणजे त्याला ती साम्याच्या अहवालातून शोधावी लागणार नाही.